सर्वोच्या स्टेट फीडबॅकला नुसता N द्यावा की इंटिग्रल जोडावा?

गिअर असलेल्या डीसी मोटरवर एक हात बसवला आहे आणि तो सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबायला हवा, असं धरू. मॉडेल साधं आहे: θ' = ω, ω' = −2ω + 10u; θ हा कोन, ω वेग आणि u मोटरला दिलेले व्होल्ट.

पहिला मार्ग स्वस्त आहे. दोन्ही पोल −५ वर ठेवले की कोनाचा गेन k1 = 2.5 आणि वेगाचा k2 = 0.8 येतात आणि रेफरन्स r ला N = 2.5 ने गुणलं की काम झालं. पोझिशन सर्वोत N आणि k1 सारखेच असतात, त्यामुळे मोटरचा १० हा आकडा थोडा चुकला तरी हात जागेवरच येतो. वेगाच्या सर्वोत ही चैन मिळत नाही. हात आडव्या पातळीतच फिरत असेल तर मी इथेच थांबेन.

माझा हात मात्र उभ्या पातळीत फिरायचा. आडवा असताना त्याचं वजन पेलायला ०.३ व्होल्ट लागतात असं समजा. इंटिग्रल नसताना हे व्होल्ट फक्त चुकीतूनच मिळू शकतात: 0.3/2.5 = 0.12 रेडियन, म्हणजे जवळपास ७ अंशांनी हात खाली लोंबणार. वरून ऑफसेट दिला तर आडव्या स्थितीत जमतं, पण कोन किंवा टोकाचं वजन बदललं की पुन्हा तीच ट्रिमची खटपट. मी कंटाळलो तो या खटपटीला.

दुसऱ्या मार्गात xi' = r − θ ही तिसरी स्टेट जोडायची. तिन्ही पोल −५ वर ठेवले की k1 = 7.5, k2 = 1.3, ki = 12.5. एवढंच केलं तर प्रतिसाद जरा सुस्तावतो. म्हणून मी N = 2.5 काढून टाकत नाही. त्याने तयार होणारा झीरो नेमका −५ वर पडतो, एक पोल खोडतो आणि रेफरन्सला मिळणारा प्रतिसाद अगदी पहिल्या डिझाइनसारखा होतो. वजनाचे ०.३ व्होल्ट इंटिग्रल आपणहून शोधतो.

```c
u = -k1*th - k2*w + N*r + ki*xi;
if (fabs(u) < umax) xi += Ts*(r - th);
```

दुसरी ओळ वगळू नका. ड्रायव्हर मर्यादेला टेकलेला असताना xi साठत राहिला, तर हात लक्ष्य ओलांडून बराच पुढे जातो आणि रेंगाळत परततो.

इंटिग्रलचा खरा त्रास वेगळाच आहे. गिअरमध्ये स्थैतिक घर्षण जास्त असेल तर हात थांबतो, xi हळूहळू वाढतो, हात झटका खातो, पलीकडे जाऊन पुन्हा अडकतो. एन्कोडरच्या आलेखात ठरावीक काळाने उठणाऱ्या पायऱ्या दिसल्या की हेच समजावं. मी अशा वेळी इंटिग्रलला एन्कोडरच्या एक-दोन काउंटइतक्या चुकीकडे दुर्लक्ष करायला लावतो. मग चूक काटेकोर शून्य राहत नाही, हे खरं. पण ७ अंशांपुढे एखाद-दुसरा काउंट मला तरी चालतो.