बाळाच्या झोपेसाठी पैसे मोजायचे का? कोर्स, कन्सल्टंट आणि आपले नेहमीचे डॉक्टर

रात्री अडीच वाजता बाळाला मांडीवर घेऊन मोबाईल चाळणाऱ्या आईला इन्स्टाग्राम बरोबर हुडकून काढतं. "बारा रात्रींत बारा तास झोप, तेही न रडवता." खाली आधीच्या पालकांच्या चॅटचे स्क्रीनशॉट आणि वर उलटं पळणारं घड्याळ, सवलत संपायला चौदा मिनिटं बाकी.

राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीपुढे असे दोन पर्याय होते. बाळ आठ महिन्यांचं, घरात सासू-सासरे, बँकेतली रजा संपत आलेली. एक होता 2,999 रुपयांचा रेकॉर्ड केलेला कोर्स. दुसरी होती 16,500 रुपये घेऊन चौदा दिवस सोबत करणारी स्लीप कन्सल्टंट. लसीसाठी जातो ते बालरोगतज्ज्ञ तिच्या यादीतच नव्हते. "ते म्हणतील, होईल मोठं झाल्यावर," असं तिचं म्हणणं. ते तिसरे म्हणून मी यादीत घातले आणि आम्ही तिन्ही पर्याय शेजारी ठेवून पाहिले.

आधी आश्वासनाचा हिशेब

कुणालाही पैसे देण्याआधी आठवडाभर वहीत वेळा लिहून काढ, असं मी तिला सांगितलं. त्यातला एक सरासरी दिवस असा होता. सकाळी 10 ते सव्वाअकरा, दुपारी 2 ते साडेतीन आणि संध्याकाळी सव्वासहा ते सात अशा तीन डुलक्या, म्हणजे दिवसा साडेतीन तास. रात्री नऊला अंथरुणावर घ्यायचं, पण डोळा लागायचा पावणेदहाला. उठायचं सकाळी सातला. मधल्या पाच उठण्यांत मिळून पाऊण तास गेला, म्हणजे रात्रीची झोप साडेआठ तास. दिवसरात्र मिळून बारा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात 4 ते 11 महिन्यांच्या बाळासाठी डुलक्या धरून 12 ते 16 तास झोप सांगितली आहे. म्हणजे हे बाळ खालच्या टोकाला आहे, पण आत आहे. कोर्सच्या नमुना वेळापत्रकात मात्र संध्याकाळी सात ते सकाळी सात झोप आणि वर दिवसा तीन तास, असे पंधरा तास धरलेले. बाळ आज झोपतं त्याहून तीन तास जास्त. दमलेलं बाळ थोडी झोप भरून काढेलही, पण सवयीच्या जोरावर रोज तीन तास झोप नव्याने तयार होत नाही. सातला अंथरुणावर घेतलेलं बाळ मग नऊपर्यंत टक्क जागं राहतं किंवा पहाटे साडेचारला खेळायला उठतं, आणि पालकांना वाटतं की कोर्स नीट पाळणं आपल्यालाच जमलं नाही.

"रात्रभर झोप" हे मापही तपासून घ्यावं. कॅनडातल्या बाळांवरचा एक अभ्यास 2018 साली 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात आला. सहा महिन्यांच्या बाळांपैकी 38 टक्के सलग सहा तासही झोपत नव्हती आणि 57 टक्के सलग आठ तास झोपत नव्हती. एक वर्षाच्या बाळांतही सलग सहा तास न झोपणारी 28 टक्के होती. त्यामुळे रात्री एक-दोनदा उठणं हा दुरुस्त करायचा बिघाड आहे असं सांगूनच जी विक्री सुरू होते, तिथे सावध व्हावं.

आता ते स्क्रीनशॉट. ते खोटेच असतात असं नाही. पालक मदत शोधतात ती सगळ्यात वाईट आठवड्यात, दात येताना, सर्दी झाल्यावर किंवा आई कामावर जायला लागल्यावर. असा आठवडा बहुतेकदा आपोआप सरतो, वर बाळ त्या काळात दोन-तीन आठवड्यांनी मोठंही होतं. काही न करता किती बाळं सुधारली असती, हे स्क्रीनशॉट सांगू शकत नाही. ज्यांचं काही झालं नाही, त्यांचे स्क्रीनशॉट कुणी लावत नाही.

सांगणारं कोण आहे

भारतात स्लीप कन्सल्टंट व्हायला परवाना लागत नाही. डॉक्टरांची असते तशी नोंदणी करणारी परिषद या कामाला नाही. 'सर्टिफाइड' याचा अर्थ एखाद्या खाजगी संस्थेचं प्रशिक्षण घेतलंय, एवढाच. त्यात काही जणी खरंच चांगल्या असतात, पण प्रमाणपत्र बघून ते कळत नाही. डॉक्टर असल्याचं कुणी सांगत असेल तर राज्याच्या मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागावा. तो विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, हिने 2023 मध्ये आरोग्याचा सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता जाहिरातीत सांगावी असा नियम केला आहे. ती नसेल तर तिथेच अर्धं उत्तर मिळालं.

मला प्रमाणपत्रापेक्षा पहिला फोन जास्त सांगून जातो. चांगली कन्सल्टंट पैशांआधी विचारते: वजन वाढतंय का, झोपेत घोरतं का, श्वास अडकतो का, उलट्या, खाज, कानदुखी आहे का, बाळ पूर्ण दिवसांचं जन्मलं का. रात्रीचं दूध कमी करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून या, असं ती स्वतःच म्हणते. बहिणीला आलेल्या फोनवर यातलं काही विचारलं नाही. "आज बुकिंग केलंत तर दोन हजार कमी," एवढं मात्र दोनदा सांगितलं.

रेकॉर्ड केलेला कोर्स तर काही विचारूच शकत नाही. तो सगळ्या बाळांना एकच धरून चालतो, आणि ही त्याची खरी मर्यादा आहे. झोपेत चुळबुळ, पाय झाडणं, सतत जाग यामागे लोहाची कमतरता असू शकते. एनएफएचएस-5 या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे. ते तपासायचं काम डॉक्टरांचं. नियमित घोरणं किंवा श्वास थांबल्यासारखा वाटणं असेल तर कोर्स, कन्सल्टंट दोन्ही बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडेच जावं. खर्च अडचणीचा असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जावं.

पैसे नेमके कशाचे

पद्धत गुपित नाही: बाळ रडलं की लगेच उचलायचं नाही, थोडं थोडं थांबून शांत करायचं, म्हणजे ते आपलं आपण झोपायला शिकतं. मेलबर्नमध्ये सात महिन्यांच्या वयात झोपेची तक्रार असलेल्या बाळांवर एक प्रयोग झाला. तिथे हेच तंत्र नेहमीच्या बालआरोग्य केंद्रातल्या नर्सनी थोडं प्रशिक्षण घेऊन पालकांना शिकवलं. पुढच्या काही महिन्यांत झोप सुधारली आणि आईची मनःस्थितीही. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा पाहिलं, तर अपायही दिसला नाही आणि टिकून राहिलेला खास फायदाही नाही. हे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे तंत्राने फरक पडतो, पण तो आत्ताच्या थकव्यापुरता. "आत्ता शिकवलं नाही तर मोठेपणी झोपेचे आजार" हे वाक्य घाबरवण्यापुरतं असतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला 'वाईट सवय लागू नये म्हणून' विकला जाणारा कोर्स तर मी सरळ टाळेन. त्या वयात असल्या शिकवणीचा फायदा होतो याला चांगला पुरावा नाही.

तेव्हा 2,999 मध्ये मिळते ती फुकटच्या माहितीची नीट मांडणी. बघायला वेळ आणि मन लावायची तयारी असेल तर ही किंमत ठीक म्हणता येईल. 16,500 मध्ये काय होतं? एक तासाचा फोन, शेवटी अर्ध्या तासाचा फोन, एक पीडीएफ आणि मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅप. व्हॉट्सअ‍ॅपची वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा! बाळ उठतं रात्री दोनला. सोबतीचेच पैसे घ्यायचे तर सोबत कधी मिळणार, हे आधी विचारावं.

आपल्या घरात चालेल का

इथे कोर्स सगळ्यात जास्त अडखळतो. व्हिडिओतलं बाळ स्वतंत्र खोलीत, स्वतःच्या कॉटमध्ये. इथे बाळ झोळीत झोपतं, आजी झोका देते आणि झोका थांबला की डोळे उघडतात. कारण साधं आहे: झोपेचं एक चक्र या वयात तासाभराचं असतं, ते संपताना बाळ हलकं जागं होतं आणि झोपताना जे होतं तेच पुन्हा मागतं. उपाय करायचा तो झोपी जाण्याच्या क्षणी, मध्यरात्री नाही. पण आजी पलीकडच्या खोलीत असताना बाळ पाच मिनिटं रडलं तर तिसऱ्या मिनिटाला दार उघडतंच. सासूबाई म्हणाल्याच, "लेकराला रडवून कसली गं झोप?" एक दिवस थांबायचं आणि एक दिवस उचलायचं, यापेक्षा काहीच न करणं बरं.

कन्सल्टंटला माझ्या लेखी खरी किंमत इथेच आहे. घरातल्या चार मोठ्या माणसांना एका पद्धतीवर आणायचं काम कधीकधी बाहेरच्या माणसालाच जमतं. तेव्हा विचारावं: पहिल्या फोनवर आजीला घ्याल का? झोळी, शेजारी झोपणं हे धरून योजना द्याल का, की आधी कॉट घ्यायला लावाल?

आम्ही काय ठरवलं

दोन्ही पर्याय आधी थांबवले. डॉक्टरांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी वजन पाहिलं, रक्त तपासायला सांगितलं आणि वही वाचून संध्याकाळच्या डुलकीवर बोट ठेवलं. ती पाचच्या आत संपवायची. अंथरुणावर नऊला नाही, पावणेदहालाच घ्यायचं, म्हणजे पाऊण तासाची रोजची झटापट संपते. बाळ पटकन झोपायला लागलं की दर दोन-तीन दिवसांनी वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. दूध झोपेच्या थोडं आधी द्यायचं. यात रडू देणं नव्हतं, म्हणून सासूबाईंचाही आक्षेप नव्हता. रात्रीची उठणी पाचवरून दोन-तीनवर आली. बारा तास सलग झोप काही झाली नाही, पण बहीण कामावर रुजू झाली.

सगळ्याच डॉक्टरांकडे इतका वेळ नसतो, हेही खरं. संध्याकाळच्या गर्दीत झोपेचा विषय काढला तर दोन मिनिटांत वाटेला लावतात. फक्त याच कारणासाठी वेगळी वेळ घ्यावी आणि वही सोबत न्यावी. तरीही घरात एकमत होत नसेल आणि दुपारी उत्तर देणारी सोबत चालणार असेल, तर मी कन्सल्टंट घेईन. कोर्स घेतलाच तर बाळ सहा महिन्यांच्या पुढचं आणि तब्येतीने ठीक असेल तरच.

पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यायच्या गोष्टी तीनच: नेमकं काय मिळणार, जीएसटी धरून एकूण किती आणि परतावा कोणत्या अटीवर. "योजना शंभर टक्के पाळली तरच परतावा" ही अट असेल तर परतावा नाही असंच समजा, कारण एका रात्री उचललं की अट मोडली. खोटी घाई लावणाऱ्या घड्याळाला 2023 च्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवणाऱ्या युक्त्यांविरोधी, नियमांत मनाई आहे. पान पुन्हा उघडून बघा, घड्याळ परत चौदा मिनिटांवर आलेलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. बिल न देता कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा. दिलेच असतील आणि फसल्यासारखं वाटत असेल, तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही.