बाथरूमचा चिकटवलेला आरसा: तंगूस की हेअर ड्रायर?

ताई, भिंतीला चिकटवलेला आरसा काढायला तंगूस वापरू की हेअर ड्रायर, असं विचारलंत, तर दोन्हीत खर्च नगण्य आहे, खरा फरक आरसा कशाने चिकटवलाय त्यात आहे. कडेने बघा, रबरासारखं दबतं ते सिलिकॉन, त्याला ड्रायरच्या उष्णतेने फारसं काही होत नाही, तिथे तंगूसच, दोन्ही टोकं काठीला बांधून आरसा आणि भिंतीच्या मधून वरून खाली करवतीसारखं ओढत यायचं, दोरा तुटतो, नवीन घ्यायचा. जुना काळा डांबरी गोंद मात्र ड्रायरने मऊ पडतो, फक्त ड्रायर फिरता ठेवा, एकाच जागी तापवलं तर काच तडकते. हीट गन नकोच. दोन्हीत आधी काचेवर चिकटपट्टी, हातमोजे, चष्मा आणि खाली धरायला दुसरा माणूस. सिलिकॉनला तंगूस, डांबरी गोंदाला आधी ड्रायर मग तंगूस.