कोकणात गाडीची बॅटरी घेताना सीसीए बघावा की आरसी? पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात रत्नागिरीत माझ्या छोट्या पेट्रोल गाडीसाठी बॅटरी घेतली. दुकानात दोन होत्या, दोन्ही ३५ एएचच्या, म्हणजे अँपिअर-अवरच्या, किमतीत फारसा फरक नाही. एकीवर सीसीए ३५० आणि आरसी ५० मिनिटं, दुसरीवर सीसीए ३०० आणि आरसी ६०. दुकानदार पहिलीचा आग्रह करत होता, "सेल्फ कसा दणक्यात मारते बघा!" मी दुसरी घेतली. किनारपट्टीवर राहणाऱ्यांना मी तीच सुचवेन.

सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँप्स, मोजतात उणे १८ अंशांना. पूर्ण चार्ज बॅटरीने ३० सेकंद किती अँपिअर द्यावेत की व्होल्टेज ७.२च्या खाली जाणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. कडाक्याच्या थंडीत ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही कमी होतो, तिथे हे बघावंच लागतं. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेसुद्धा तसली थंडी नसते. माझ्या गाडीसारख्या छोट्या पेट्रोल इंजिनाला सेल्फ मारताना साधारण शंभर-दीडशे अँपिअर लागतात. तीनशेत ते आरामात भागतं. डिझेल गाडी असेल तर मात्र कंपनीने सांगितलेल्या सीसीएच्या खाली जाऊ नका.

आरसी, म्हणजे रिझर्व्ह कपॅसिटी, वेगळंच सांगते: साधारण २५ अंश तापमानात २५ अँपिअर सतत ओढले तर व्होल्टेज १०.५वर यायला किती मिनिटं लागतील. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बंद पडून रात्री गाडी चालवायची वेळ आली, तर साधारण एवढाच लोड असतो.

जुलैत कोल्हापूरहून येताना आंबा घाटात हेच झालं. चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि विझेना. पाऊस धो धो. हेडलाइट ९-१०, वायपर ४, मागचे दिवे आणि डॅशबोर्ड २, इंजेक्शन आणि फ्युएल पंप मिळून ७-८, म्हणजे २५च्या आसपास गेलेच. एसी आणि गाणी बंद केली. ब्लोअर मात्र पूर्ण बंद करता येईना, काच लगेच धुरकट व्हायची. एक नंबरवर ठेवला. वळणावळणाला इलेक्ट्रिक स्टिअरिंग वेगळं ओढतं, हे विसरू नका. खाली साखरप्याला पोचेपर्यंत हेडलाइट पिवळट पडले होते, पण इंजिन चालू होतं.

साठ मिनिटं गुणिले २५ म्हणजे २५ एएच. मग ३५ एएच कुठे गेले? ते २० तासांत हळूहळू काढले तर मिळतात, पावणेदोन अँपिअरने. जोरात काढलं की बॅटरी कमीच देते. म्हणून लोड थोडा कमी केला तरी वेळ बराच वाढतो. आणि ही साठ मिनिटं नव्या, पूर्ण चार्ज बॅटरीची. रोज बाजारापर्यंतच गाडी नेत असाल तर बॅटरी पूर्ण भरत नाही, तेवढी मिनिटंही घटतात.

अशी तळापर्यंत उतरलेली बॅटरी तशीच वापरू नये. मी अल्टरनेटर दुरुस्त करून घेतला आणि बॅटरी रात्रभर ३-४ अँपिअरवर चार्जरला लावली. नंतर टेस्टरवर सीसीए २८५ आला. या कामाला सीसीए आपल्याकडेही उपयोगी आहे: दर सहा महिन्यांनी मोजा, तीनशेचा दोनशेवर आला की बॅटरी थकली समजा. फक्त बॅटरीवर जे स्टँडर्ड छापलंय तेच टेस्टरवर निवडायला सांगा. एसएई स्टँडर्डचा आकडा डीआयएन स्टँडर्डवर लावला तर चांगली बॅटरीही खराब दिसते.