कंप्रेसर जळला नव्हता, तरी साडेबारा हजार गेले

आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी २०११ सालचा, आर-२२ गॅसवर चालणारा. मागच्या वर्षी मे महिन्यात, नागपूरचं ऊन भरात असताना, एका रात्री तो गार हवा द्यायचा थांबला. आतला पंखा चालू, गच्चीवरच्या आउटडोअरचा पंखाही चालू, पण दर दोन-तीन मिनिटांनी आउटडोअरमधून 'घूंऽ' असा आवाज यायचा आणि खट्‌ करून बंद पडायचा. सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे सकाळी उठल्याबरोबर मी कंपनीचं नाव आणि 'सर्व्हिस' एवढं टाकून मोबाइलवर जो पहिला नंबर आला तो लावला. चूक इथेच झाली. तो नंबर कंपनीचा नव्हता. कंपनीचा खरा नंबर वॉरंटी कार्डावर होता आणि कार्ड कपाटात होतं.

तासाभरात मेकॅनिक आला. आउटडोअर उघडून त्यानं मीटर लावलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. "ताई, हे बघा, काटा हलतच नाही. वाइंडिंग जळलं, कंप्रेसर गेला." त्याचं म्हणणं असं की नवा कंप्रेसर साडेनऊ हजार, गॅस अडीच हजार आणि मजुरी पाचशे. "नाहीतर जुना एसी मला दीड हजारात द्या, नवा मीच आणून देतो." डोळ्यांसमोर मीटर दाखवल्यावर मी शंका घेतली नाही. त्यानं आउटडोअर 'वर्कशॉप'ला नेलं, संध्याकाळी परत आणून बसवलं. एसी गार झाला. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यावर ऑनलाइन गेले आणि पावती साध्या कागदावर मिळाली, जीएसटी नंबर नाही.

तीन आठवड्यांत गारवा पुन्हा कमी होऊ लागला. त्या नंबरावर कुणी फोन उचलेना. शेवटी शेजारच्या काकांनी त्यांचा नेहमीचा मेकॅनिक पाठवला. त्यानं आउटडोअर उघडलं आणि आधी कंप्रेसरच्या नळ्या बघितल्या. कंप्रेसर बदलायचा म्हणजे तांब्याच्या नळ्या तापवून सोडवाव्या लागतात आणि पुन्हा वेल्डिंग करावं लागतं. तिथे काळपट डाग आणि ताज्या जोडाची चकाकी दिसायलाच हवी. आमच्या नळ्यांवर जुनी हिरवट झाक जशीच्या तशी होती. कंप्रेसरवर मात्र काळा रंग फवारलेला. त्यानं थिनरच्या फडक्यानं पट्टी पुसली, तर आमच्या 'नव्या' कंप्रेसरवर २०११ सालच निघालं. नवीन होता तो फक्त शेजारचा कपॅसिटर, बाजारात साडेचारशेला मिळणारा.

मग मीटरचा काटा का हलला नव्हता? हे मी त्याला दोनदा विचारून समजून घेतलं, कारण सगळी फसवणूक त्या एका दृश्यावर उभी होती. कपॅसिटर गेला की कंप्रेसरला सुरू व्हायला जोर मिळत नाही. तो अडकून बसतो, भरमसाट करंट ओढतो आणि तापतो. तो जळू नये म्हणून त्यात एक ओव्हरलोड असतो, तो वीज तोडतो. तोच तो 'घूं' आणि 'खट्‌'. आमच्या कंप्रेसरमध्ये हा ओव्हरलोड आतच आहे. रात्रभर असं झाल्यावर कंप्रेसर तापलेला असताना त्याच्या तीन पिनांपैकी कॉमन पिनवर मीटर लावलं, तर वाइंडिंग तुटल्यासारखंच दिसतं. पण उरलेल्या दोन पिनांमध्ये, स्टार्ट आणि रनमध्ये, मीटर लावलं तर काही ओहम दिसतात. त्या माणसानं ते मुद्दाम दाखवलं नाही. एसीचा मेन स्विच बंद ठेवून कंप्रेसर तीन-चार तास निवू दिला की कॉमन पिनवरही आकडा येतो. वाइंडिंग धड असेल तर स्टार्ट-रनचा आकडा हा बाकी दोन आकड्यांच्या बेरजेइतका भरतो आणि कुठल्याही पिनेपासून कंप्रेसरच्या धातूच्या अंगापर्यंत मीटर काहीही दाखवत नाही. हे काम मेकॅनिकलाच करू द्या. कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही चार्ज उरतो, त्याला हात लावू नका. फक्त समोर उभं राहून तीनही जोड्या मोजायला सांगा.

गॅसही त्याच्याच हलगर्जीपणामुळे गेला होता. आउटडोअर सोडवून परत बसवताना नळी जोडणारा फ्लेअर नट नीट बसला नव्हता, तिथे तेलाचा ओशट डाग होता आणि साबणाचं पाणी लावताच बुडबुडे आले. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. या मेकॅनिकनं नळीचं पसरट टोक, म्हणजे फ्लेअर, नवीन केली, नायट्रोजनचं प्रेशर ठेवून तपासलं, अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला आणि आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून भरला.

एसी त्या उन्हाळ्यात नीट चालला. यंदा एप्रिलमध्ये मात्र आतली कॉइलच गळू लागली. कॉइल साडेआठ हजार, गॅस साडेतीन, म्हणजे बारा हजार. आता खरा प्रश्न आला, दुरुस्त करायचा की बदलायचा. दुकानदार म्हणाला, "बिल अर्धं होईल, तीन वर्षांत पैसे वसूल." मी घरच्या मीटरवर मोजलं. झोपताना आणि उठल्यावर आकडा लिहिला, एक रात्र एसी लावून, एक न लावता. जुना एसी आठ तासांत सुमारे दहा युनिट खात होता. त्याच मापाच्या पाच स्टार इन्व्हर्टरवर जाऊबाईंच्या घरी तशीच मोजणी केली, तिथे साधारण पाच. आमच्याकडे एसी वर्षात शंभरेक रात्री लागतो, म्हणजे पाचशे युनिट वाचतात. वरच्या स्लॅबचा दर सगळं धरून आम्हाला बारा रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे वर्षाला सहा हजार.

नवा एसी बसवून, जुन्याचे चार हजार वजा करून, सदतीस हजारांना पडत होता. पण त्यातले बारा हजार दुरुस्तीवर असेही जाणारच होते. उरलेल्या पंचवीस हजारांची तुलना सहा हजारांशी केली, तर चार वर्षं लागतात. हेच गणित मागच्या वर्षी, साडेचारशेच्या कपॅसिटरसाठी मांडलं असतं तर सहा वर्षांहून जास्त आली असती आणि जुना एसी बदलण्यात अर्थच नव्हता. म्हणून तो खोटा 'कंप्रेसर गेला' इतका महागात पडतो. तो शब्द खरा असेल तर चौदा वर्षांच्या मशीनमध्ये दहा-बारा हजार घालू नयेत, कारण कॉइल तेवढीच जुनी असते आणि आर-२२ भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्यानं बंद होत आहे. "त्यात आर-३२ भरून देतो" असंही एकानं सांगितलं. ते ऐकू नका. आर-३२ चं प्रेशर बरंच जास्त असतं, त्याला लागणारं तेल वेगळं असतं आणि तो थोडा ज्वालाग्राहीही आहे. आर-२२ चं मशीन त्यासाठी बनवलेलं नाही.

आम्ही एसी बदलला. त्या माणसाविरुद्ध १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पावतीवर ना पत्ता ना जीएसटी नंबर, त्यामुळे पैसे परत आले नाहीत. नवा एसी बसवायला मुलं आली तेव्हा झाकण लावण्याआधी त्यांना थांबवलं आणि कंप्रेसरवरच्या पट्टीचा, सिरीयल नंबर स्पष्ट दिसेल असा, फोटो काढून ठेवला.