नमस्कार, नमस्ते की हॅलो? बेळगावात नव्यानं राहायला येणाऱ्यांसाठी

बदली होऊन किंवा लग्न होऊन बेळगाव, खानापूर, निपाणीकडे येणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात एक अडचण येते. समोरचा माणूस मराठी आहे की कानडी, हे चेहऱ्यावरून कळत नाही, आणि बोलायला सुरुवात तर करायची असते. माझं मत आधीच सांगून टाकते. अनोळखी माणसाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार म्हणावं. बरोबरीच्यांना आणि फोन उचलताना हॅलो चालतं. नमस्ते शाळेत आणि हिंदी बोलणाऱ्यांशी. इथली बहुतेक माणसं आपोआप असंच करतात, पण बाहेरून आलेल्याला त्यामागचं कारण कळलं तर नडत नाही.

समजा तुम्ही खानापूरच्या कचेरीत शेताचा उतारा काढायला गेलात. खिडकीपलीकडे पन्नाशीचे गृहस्थ बसलेत. ‘नमस्कार सर’ म्हणा आणि लगेच कामाचं बोलू नका, जरा थांबा. हा शब्द मराठीत आहे तसाच कानडीतही आहे, त्यामुळे तुम्ही कुठल्याच भाषेची निवड केलेली नसते. ती निवड समोरचा करतो. ‘नमस्कार री, एन बेकागित्तु?’ असं आलं तर माणूस कानडीत बोलणार. ‘नमस्कार, काय पाहिजे ओ?’ असं आलं तर मराठीत बोला. कानडीतला ‘री’ आणि इथल्या मराठीतला ‘ओ’ दोन्ही आदराचेच, आणि उत्तराच्या शेपटाला जे लागेल त्यावरून पुढचं ठरतं. कानडी उत्तर आल्यावर ‘उतारा बेकागित्तु री’ एवढं जमलं तरी पुरतं. त्यानंतर ते गृहस्थ स्वतःच मराठीवर येण्याची शक्यता बरीच असते, कारण या भागात दोन्ही भाषा येणारे पुष्कळ आहेत.

याच खिडकीवर ‘हॅलो सर’ म्हटलं तर? काम अडत नाही, पण आपण त्यांचं लक्ष वेधून घाई करतोय असं वाटतं. समोरासमोरचं हॅलो मोठ्या माणसाच्या कानाला हाक मारल्यासारखं लागतं. ‘ओ हॅलो, जरा इकडे बघा’ हे आपण भांडतानाही म्हणतोच की. ‘नमस्ते सर’ म्हटलं तर उर्मट वाटत नाही, फक्त तुम्ही बाहेरचे आहात हे लगेच कळतं, आणि मग बोलणं हिंदीत सरकतं. मराठी माणसानं इथं हिंदीत का बोलावं, हे मला मनापासून खुपतं. एक शब्द बदलला तर ते टळतं. आणि एक सांभाळा: ‘जय महाराष्ट्र’ हे कोल्हापुरात साधं अभिवादन असेल, इथं ते सीमाप्रश्नातली बाजू ठरतं. सभेत जरूर म्हणावं, खिडकीवर कामासाठी उभं असताना नको.

घरात मात्र भाषेपेक्षा वय मोठं. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळात मराठी शाळेत गेलेले आजी-आजोबा अजून काही घरांत आहेत. त्यांच्यानंतरची पिढी कर्नाटकात शिकली, कचेरीत कानडी आणि घरी मराठी अशी वाढली. नातवंडं बरीचशी इंग्रजी शाळेतली. त्यामुळे शहापूर किंवा वडगावातल्या एकाच घरात तिन्ही शब्द ऐकू येतात, आणि पाहुण्यानं कोणाला काय म्हणावं हे पिढीवरून ठरवणं सोपं जातं.

आजीला नुसतं तोंडानं नमस्कार म्हणणं अपुरं पडतं. नव्या सुनेनं तर पाया पडायचं, आणि पडताना काहीही बोललं नाही तरी चालतं. ‘नमस्कार आजी’ म्हणून दारातच उभं राहिलात तर आजी ‘हं’ म्हणते आणि ‘कोणाची गं तू?’ असं विचारते. ते ऐकलं की समजायचं, ओळख अजून लागलेली नाही. वाकलात की पुढचा प्रश्न ‘जेवलीस काय?’ असा येतो. सासऱ्यांच्या वयाच्या माणसाला हात जोडून ‘नमस्कार काका’ किंवा ‘नमस्कार मामा’ एवढं पुरतं. नातं माहीत नसेल तर अण्णा आणि अक्का लावा. हे दोन्ही शब्द मराठीत आहेत तसे कानडीतही आहेत, म्हणून कोणीच परकं होत नाही. नुसता नमस्कार कोरडा वाटतो, नातं जोडलं की बोलण्यात जवळीक येते.

कॉलेजात जाणाऱ्या नणंदेला नमस्कार करू नका. तिच्याशी हॅलोच बरं. समवयस्काला नमस्कार केला तर दुरावा वाटतो, कधी कधी टोमणाही. उशिरा आलेल्या मैत्रिणीला ‘या, नमस्कार!’ म्हणतात तेव्हा त्यात रागच असतो, आदर नसतो.

हॅलोची खरी जागा फोन. तिथं हॅलो म्हणजे ‘ऐकू येतंय ना’ एवढंच, अभिवादन त्यानंतर करायचं. वडीलधाऱ्यांना फोन लावलात तर ‘हॅलो, नमस्कार काका, मी अमक्याची सून बोलतेय’ असा क्रम ठेवा. हॅलो म्हणून थेट कामावर गेलात तर पलीकडून नेमकं ‘कोण बोलतंय?’ असं येतं, आणि मग नमस्कार करायला उशीर झालेला असतो. महाराष्ट्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणायला सांगितलं होतं. चंदगड किंवा कोल्हापूरच्या कचेरीत फोन केलात आणि तिकडून ते आलं तर तुम्हीही तेच म्हणा, मग नमस्कार करून काम सांगा.

नमस्तेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शाळेत गुरुजी वर्गात आले की मुलं एका सुरात ‘नमस्ते’ म्हणतात, तिथं ते शोभतं. कॅम्प भागात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे परप्रांतीय कुटुंबंही राहतात, शेजारी हिंदीभाषक असतील तर तिथंही ते बरोबर. दोन मराठी मोठ्या माणसांत मात्र ते जरा औपचारिक वाटतं.

आता या तिन्हींच्या बाहेरचं. गावात शेताच्या वाटेवर भेटलेले आजोबा ‘राम राम’ म्हणाले तर ‘राम राम ओ’ म्हणा. त्याला नमस्कारानं उत्तर दिलं तर चूक नाही, पण तुम्ही शहरातले हे कळतं. वारकरी ‘राम कृष्ण हरी’ म्हणेल, लिंगायत घरात ‘शरणू’ ऐकू येईल, कोणी ‘जय भीम’ म्हणेल, कोणी सलाम करेल. त्यांनी आधी म्हटलं तर तेच परत म्हणावं. आधी आपल्याला बोलायचं असेल आणि घर कोणाचं हे माहीत नसेल, तर हात जोडून नमस्कार करावा आणि उत्तराची वाट बघावी.