फोनवरून मेल शेड्यूल करणं: आठ महिन्यांचा अनुभव, आणि ते Cancel send बटण

फोनमध्ये आधीपासून असतं तेच Gmail ॲप, अँड्रॉइड, फुकटचं. मेल लिहायचा, वर कोपऱ्यातले तीन टिंब दाबायचे, Schedule send, वेळ निवडायची, झालं. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून त्यात जात नाही. मला सांगायचं आहे ते शेड्यूल केलेला मेल दुरुस्त करायला गेलं की काय होतं ते. त्यापायी माझी नागपूरच्या मिहानमधली एक नोकरी हातची गेली असं मी आजही मानते.

आधी मी हे वापरते कशाला ते. मी हिंगणा रोडवर एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे अकाउंट्स बघते, चार वर्षं झाली. दुसरीकडे अर्ज करून राहिले तर दिवसा ऑफिसात मेल लिहिणं शक्यच नाही, साहेबांचं टेबल माझ्या मागेच आहे. घरी येऊन स्वयंपाक, पोराचा अभ्यास, सगळं आवरून फोन हातात येतो तो रात्री साडेअकराला. त्या वेळी एचआरला मेल पाठवला तर तो त्यांच्या इनबॉक्समध्ये रात्रभर खाली खाली जातो, आणि वर वेळ दिसते ११:४३. शेड्यूल केला की समोरच्याला पोचल्याचीच वेळ दिसते, लिहिल्याची नाही. म्हणून मी रात्री लिहून सकाळी ९:४० लावते. ॲप आपणहून सकाळचे ८ सुचवतं पण आपल्याकडे एचआरवाले दहाच्या सुमारास येऊन बसतात, आठचा मेल तोवर दबलेला असतो. Pick date & time मध्ये जाऊन स्वतः वेळ टाका, दहा सेकंद जास्त लागतात. मेल एक-दोन मिनिटं उशिरा जाऊ शकतो, माझे ९:४१ ला पण गेलेत, त्याने काही बिघडत नाही.

आता जूनमधली गोष्ट. १३ जूनला, शुक्रवारी, मिहानमधल्या एका कंपनीत इंटरव्ह्यू झाला. चांगला झाला. एचआर मॅडम म्हणाल्या, पुढच्या बुधवारपर्यंत कळवू. मी रविवारीच फॉलोअपचा मेल लिहून ठेवला, गुरुवार १९ जून, ९:४०. नवा मेल नाही, त्यांनी इंटरव्ह्यूचा जो मेल पाठवला होता त्यालाच रिप्लाय, म्हणजे विषय तोच राहतो आणि खाली माझा अर्ज पण दिसतो, त्यांना शोधावं लागत नाही. मजकूर चारच ओळी: कोणत्या तारखेला कोणत्या पदासाठी भेटले, टॅली आणि जीएसटी रिटर्नचं जे विचारलं होतं त्याबद्दल एक ओळ, बुधवारपर्यंत कळवणार होतात म्हणून विचारते, आणि फोन नंबर.

बुधवारी रात्री सहज उघडून पाहिला तर तारीख चुकलेली, १३ च्या जागी १२. जीव वरखाली झाला. लगेच मेनूतून Scheduled मध्ये गेले, मेल उघडला, तिथे दुरुस्त करायचं काही बटणच नाही, फक्त Cancel send. तेच दाबलं. मेलवर दुरुस्तीची पेन्सिल आली, तारीख नीट केली, तेवढ्यात वादळ सुटलं आणि लाइट गेली, गच्चीवर कपडे होते. मेलमधून मागे आले, स्क्रीनवर खाली बारीकशी पट्टी चमकली ड्राफ्ट सेव्ह झाल्याची, मी फोन ठेवला आणि वर पळाले. माझ्या डोक्यात काम झालेलं होतं.

मेल गेलाच नाही. मला ते कळलं पुढच्या मंगळवारी, जेव्हा मी हिय्या करून फोन लावला आणि मॅडम म्हणाल्या, अहो तुमचं काही आलंच नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला इंटरेस्ट नाही, दोघी जणी सारख्याच होत्या, जिने विचारलं तिला घेतलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. फोन ठेवल्यावर दोन मिनिटं तिथेच बसले.

तेव्हा मला वाटलं लाइट गेली, वायफाय गेलं, म्हणून अडकला. मग वाटलं बॅटरी सेव्हरने ॲप बंद पाडलं असेल, कारण माझा फोन जुना आहे आणि मी नवीन घेणार नाही, चालतोय तोवर चालवणार. बॅटरी सेव्हर बंद केला, रात्रभर डेटा चालू ठेवायला लागले, ॲपला मागून चालायची परवानगी दिली. मैत्रिणीला पण हेच सांगितलं. हे सगळं चुकीचं होतं.

खात्री कशी झाली ते सांगते, कोणीही घरी करू शकतं. स्वतःच्याच दुसऱ्या मेल आयडीवर एक मेल शेड्यूल केला, पंधरा मिनिटांनंतरचा, आणि फोन चक्क स्विच ऑफ करून ठेवला. दादाच्या लॅपटॉपवर दुसरा आयडी उघडून बसले. वेळेवर आला. म्हणजे एकदा शेड्यूल झाला की मेल फोनमध्ये थांबलेला नसतो, Google च्या सर्व्हरवर जाऊन बसलेला असतो, तिथूनच सुटतो. फोन जळाला तरी जाईल. मग उलट करून पाहिलं, फोन एअरप्लेन मोडवर टाकून शेड्यूल केला. फोनवर सगळं नीट झाल्यासारखं वाटलं, पण लॅपटॉपवर तोच आयडी उघडला तर Scheduled फोल्डर रिकामं. नेट चालू केलं तेव्हा कुठे तिथे दिसला. तर नेटचा प्रश्न फक्त शेड्यूल करतानाच्या त्या क्षणाचा आहे, नंतरचा नाही. बेसमेंटमध्ये, लिफ्टमध्ये किंवा रेंज जाऊन येऊन असते अशा जागी करू नका, आणि शंका असेल तर दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर लॉगिन करून Scheduled बघा. तिथे दिसला की तो सर्व्हरवर आहे.

मग माझा मेल का गेला नाही? Drafts उघडलं, तर तारीख नीट केलेला, सगळा तयार, तिथे पडून. Cancel send म्हणजे अक्षरशः रद्द. तुम्ही लावलेली वेळ पुसली जाते, मेल साधा ड्राफ्ट होतो, आणि दुरुस्ती झाल्यावर परत तीन टिंब, परत Schedule send, परत तारीख, परत वेळ, सगळं पहिल्यापासून. ॲप एका शब्दाने विचारत नाही की बाई हा उद्या ९:४० ला जाणार होता, परत लावायचा का. मला याचाच राग आहे. अलार्मची वेळ बदलली तर अलार्म बंद होतो का? रेल्वेत बोर्डिंग स्टेशन बदललं तर तिकीट रद्द होतं का? माझ्या मामेभावाकडे आयफोन आहे, त्याच्या मेलमध्ये पाठवायचा निळा बाण दाबून धरला की नंतर पाठवायचं येतं, आणि Send Later मध्ये पडलेल्या मेलची नुसती वेळ Edit दाबून बदलता येते. म्हणजे करता येण्यासारखी गोष्ट आहे, यांनी केली नाही.

जुलैभर मी शेड्यूल करणं सोडूनच दिलं. रिमाइंडर लावून पहाटे उठून पाठवायचे, दोनदा डब्याच्या घाईत विसरले. मग परत आले, कारण नीट केलं तर हे चुकत नाही. फेब्रुवारीपासून आतापर्यंत सोळा मेल लावले, न गेलेला तो एकच.

पण ऑगस्टमध्ये दुसरी बाजू दिसली. बुटीबोरीच्या एका युनिटला मंगळवारी ९:४० चा फॉलोअप लावलेला. त्याच दिवशी ९:१२ ला त्यांचाच मेल आला, शनिवारी दुसऱ्या राउंडला या. मी तेव्हा मेट्रोत, सीताबर्डीला गाडी बदलायच्या गर्दीत, फोन पर्समध्ये. आणि ९:४० ला माझा मेल गेला, काही निर्णय झाला का म्हणून. समोरून उत्तर आलं की थांबतो असं नाही, त्याच धाग्यातला रिप्लाय असला तरी नाही. ॲपला फक्त वेळ कळते, उत्तर आलंय हे त्याला कळत नाही. मी लगेच दोन ओळी लिहिल्या की मेल आधीच लावलेला होता, आपला निरोप आत्ता पाहिला, शनिवारी नक्की येते. त्यांनी मनावर घेतलं नाही, पण वाचणाऱ्याला वाटणार की हिने आमचा मेल वाचलाच नाही. तेव्हापासून मेल लावला की लगेच ९:३० चा अलार्म पण लावते. वाजला की आधी इनबॉक्स, उत्तर आलेलं असेल तर Cancel send. या कामासाठी ते बटण उत्तम आहे, तेही सांगितलं पाहिजे.

अजून एक छोटं. बायोडेटा जोडून शेड्यूल केला असेल तर जोडला त्या वेळचीच फाइल जाते. मधल्या दिवसांत तुम्ही फोनमधली फाइल बदलली तरी मेलमधली बदलत नाही. माझा एकदा जुन्या नंबरचा बायोडेटा गेला असता, आदल्या रात्री लक्षात आलं.

आता दुरुस्ती करायची झाली तर माझी पद्धत अशी. आधी लावलेली वेळ कागदावर लिहिते, कारण Cancel send दाबल्यावर ती कुठेच दिसत नाही. दुरुस्त केलेलं वाक्य नोट्समध्ये टाइप करून ठेवते, मग रद्द, पेस्ट, परत शेड्यूल, एका दमात, मध्ये कोणी हाक मारली तरी उठत नाही. आणि शेवटी Drafts उघडून बघते. Scheduled मध्ये आहे आणि Drafts मध्ये नाही, हे दोन्ही पाहिल्याशिवाय फोन खाली ठेवत नाही.

बुटीबोरीचा दुसरा राउंड झाला. पगाराचं बोलणं अडलंय, ते म्हणतात कळवतो. आत्ता रात्रीचे पावणेबारा झालेत, त्यांचा फॉलोअप गुरुवार ९:४० ला लावलाय, Drafts रिकामं आहे, अलार्म साडेनऊचा.