दाढी पिकायला लागली: पूर्ण काळी करायची, अर्धवट रंगवायची की तशीच ठेवायची?

माझी दाढी बेचाळिशीत पिकायला लागली आणि ती पण सगळीकडून सारखी नाही, हनुवटीवर दोन बाजूंना दोन पांढरे पट्टे, कल्ल्यांत थोडे थोडे पांढरे आणि मिशी मात्र जवळजवळ काळीच. बहुतेकांचं असंच होतं, हनुवटी आधी पिकते आणि मिशी मागे राहते. तेव्हापासून मी तिन्ही प्रकार करून बघितलेत. दीड वर्ष पूर्ण डाय, मग चारेक महिने काहीच नाही आणि आता दोन वर्षं झाली फक्त पांढरं थोडं दबेल एवढाच रंग, ज्याला पाकिटावर ग्रे ब्लेंडिंग म्हणतात. कोणतं बरं हे शेवटी ज्याच्या त्याच्या दाढीवर आहे, पण मला पूर्ण डाय का सोडावा लागला ते जरा सविस्तर सांगतो, कारण निर्णय घ्यायच्या आधी हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मुद्दा एकच, मुळाशी दिसणारी पांढरी रेघ.

डोक्याला डाय करणाऱ्याला वाटतं की महिनाभर बघायला नको, तसंच दाढीचं असेल. नसतं. दाढीचा केस रोज साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो, माणसागणिक थोडं कमीजास्त. माझी दाढी ६ मिलिमीटरची, ट्रिमरच्या ६ नंबरवर. रविवारी डाय केला की शुक्रवारपर्यंत मुळाशी २ मिलिमीटर नवीन पांढरा केस आलेला असतो, म्हणजे केसाचा जवळजवळ एक चतुर्थांश भाग. डोक्याचे केस लांब असतात, एकावर एक पडतात, त्यात २ मिलिमीटर झाकून जातात. आखूड दाढीत झाकायला काहीच नाही, त्यामुळे समोरून ठीक वाटतं पण बाजूने बघितलं की हनुवटीखाली पांढरी रेघ आणि वर काळं टोक, आणि बोलणारा माणूस नेमका तिथेच बघत असतो.

आणि खरी गोम पुढे आहे. शुक्रवारी दाढी वाढलीय म्हणून ट्रिमर फिरवला की कापलं काय जातं, तर वरचं टोक, म्हणजे रंगवलेला भाग. पांढरा भाग खालीच राहतो. ६ मिलिमीटरवर ट्रिम करणाऱ्याचा अख्खा केस १५ दिवसांत नवा होतो, मग पाकिटावर परमनंट लिहिलेलं असो नाहीतर आणि काही, रंगवलेला केस तुमच्या चेहऱ्यावर दोन आठवड्यांच्या वर राहतच नाही. ३ मिलिमीटरची दाढी ठेवणाऱ्याला तर आठवडाभरच. मी रेघ लपवायला दर पाच दिवसांनी डाय करायला लागलो आणि तिथून दुसरा त्रास सुरू झाला, कारण नवा डाय जुन्या रंगावर पण बसतो आणि केस दर वेळी अजून काळा होतो. दोन महिन्यांत दाढी सपाट काळी झाली, एकसारखी, जणू मार्करने भरलीय. एका लग्नातला फोटो आला त्यात कानशिलाजवळ डोक्याचे केस पिकलेले आणि कल्ला जिथे सुरू होतो तिथून एकदम काळं. त्या फोटोत बाकी काही दिसतच नव्हतं मला.

आता पूर्ण डायच्या बाजूने पण बोलतो, नाहीतर अन्याय होईल. दाढी चांगली बोटभर लांब असेल तर रेघेचा त्रास खूपच कमी, वरचे केस खाली झुकून मुळं झाकतात, दोन-तीन आठवडे आरामात जातात. पांढरे अगदी थोडे असतील, हाताच्या बोटावर मोजण्याइतके, तरी चालतं. आणि एखाद्या खास दिवसापुरतं हवं असेल तर आदल्या दिवशी केलेला पूर्ण डाय खरंच छान दिसतो, ते नाकारत नाही. पण रोजची आखूड दाढी असलेल्याला मी तरी मनापासून सुचवणार नाही.

मेंदी पण करून बघितली, थोडक्यात सांगतो. नुसत्या मेंदीने पांढरा केस केशरी होतो, काळपट हवा तर वरून नीळ, कपड्यांची नव्हे, नीळीच्या पानांची पावडर, लावावी लागते, नीळ भिजवली की लगेच वापरायची नाहीतर तिचा दम जातो, आणि एवढं सगळं तोंडाला लावून दोन-अडीच तास बसायचं. मुळांची रेघ पाच दिवसांत तशीच येणार ती येणारच. आणि काळी मेंदी म्हणून जी तयार पावडर मिळते तिच्यात बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे डायमधलंच केमिकल, तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचा.

तर ब्लेंडिंग. यात पांढरे सगळे घालवायचे नसतात, दहातले चार-पाच तसेच राहू द्यायचे आणि बाकीचे पण काळे नाही, मध्यम तपकिरी करायचे. मला हेच का जमलं तर रेघ दिसतच नाही. आधीच दाढीत पांढरं मिसळलेलं असतं, त्यामुळे मुळाशी आलेलं नवीन पांढरं त्यातच मिसळून जातं, काळ्याला पांढरं चिकटलंय असं दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी परत करतो आणि मधल्या दिवसांत दाढी हळूहळू पिकत गेल्यासारखी दिसते, एकदम नाही.

शेडचं म्हणाल तर बहुतेक जण इथेच चुकतात. डोक्याचे केस काळे म्हणून दाढीला पण काळा उचलतात. नीट बघा, तुमच्या दाढीतला जो केस अजून पिकलेला नाही तो डोक्याच्या केसापेक्षा थोडा फिका, बऱ्याच जणांचा जरा तांबूस असतो. शेड त्या केसाशी जुळवायची, डोक्याशी नाही. नंबर लिहिलेले असतात त्यात १ म्हणजे काळा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी. माझे डोक्याचे केस काळेच आहेत पण दाढीला मी ४ वापरतो, आणि मिळाली तर ॲश लिहिलेली, कारण रंग उतरताना तांबूस होत जातो आणि ॲशमुळे तो तांबूसपणा दबून राहतो. दोन शेडमध्ये अडकलात तर फिकी घ्या. फिकी झाली तर पुढच्या वेळी मिनिटभर जास्त ठेवता येते, गडद झाली तर केस वाढून कापले जाईपर्यंत काही करता येत नाही.

करताना मी असं करतो. आधी ट्रिम, मग साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची, दाढीचं तेल लावलेलं असेल तर रंग बसत नाही. गालाच्या कडेला, गळ्याच्या कडेला आणि ओठाजवळ व्हॅसलीनचं बोट फिरवायचं, त्वचेला डाग पडला की कडा कोरल्यासारखी दिसते आणि लांबूनच कळतं. दोन्ही ट्यूब मिळून अर्धा चमचा पुरतो, उरलेलं मिश्रण झाकण लावून ठेवू नका, ते आतून फुगतं आणि तसंही दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही. जुन्या मऊ टूथब्रशवर थोडा रंग घ्यायचा, वाटीच्या कडेला निपटायचा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने वरवर फिरवायचा. उलटा फिरवला की रंग मुळाशी आणि कातडीवर जातो, पूर्ण डायला तसं करतात, इथे ते नकोय. आधी हनुवटीचे पट्टे, कारण तिथले केस सगळ्यात जाड आणि हट्टी. मग बाजू. कल्ल्यांना अगदी शेवटच्या मिनिटाला ओझरता ब्रश, म्हणजे डोक्याच्या पिकलेल्या केसातून दाढीत उतरताना रंग पायरी-पायरीने बदलतो. मिशीला मी लावतच नाही, ती काळी आहे आणि काळ्या केसाला वारंवार डायमधलं पेरॉक्साइड लागलं की तो लालसर पडतो.

माझ्या पाकिटावर ५ मिनिटं लिहिलंय. पहिल्यांदा करताना ३ मिनिटांना हनुवटीचा एक कोपरा ओल्या टिश्यूने पुसून, कोरडा करून बघितला होता, ओला केस नेहमी जास्त गडद दिसतो म्हणून कोरडा करणं महत्त्वाचं. आणि बघायचं ते खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात तपकिरी रंग काळा वाटतो आणि काळा पण बरा वाटतो.

एक गोष्ट मात्र टाळू नका. ब्लेंडिंग सौम्य असतं म्हणून पॅच टेस्ट लागत नाही असं समजू नका, यात पण पीपीडी किंवा त्याच्याच घरातलं दुसरं काहीतरी असतं, अमोनिया नाही लिहिलेलं असलं तरी. कानामागे थोडा रंग पाकिटावर सांगितलंय तसा लावायचा आणि ४८ तास वाट बघायची. ॲलर्जी लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी खाज, लाली, सूज येते आणि तोवर माणूस डायला विसरलेला असतो, वाटतं उन्हानं झालं. एकदा आली की पुढच्या वेळी अजून जोरात येऊ शकते, तेव्हा ज्यांना आलीय त्यांनी फिका, कमी वेळ, दुसरी कंपनी असले प्रयोग करू नयेत.

त्यांच्यासाठी आणि ज्यांची दाढी निम्म्याच्या वर पांढरी झालीय त्यांच्यासाठी तशीच ठेवणं मला जास्त बरं वाटतं. एवढ्या पांढऱ्यात थोडा तपकिरी मिसळला तर तो डाग पडल्यासारखा दिसतो, मिसळत नाही. पण तशीच ठेवायची म्हणजे गालाची आणि गळ्याची कड रोज नीट काढायची आणि लांबी थोडी कमी, कारण काळी दाढी चार दिवस वाढली तरी चालून जाते, पांढरी मात्र लगेच आजारातून उठल्यासारखी दिसते. मी काही करत नव्हतो त्या चार महिन्यांत मला याच कारणाने लोक तब्येत विचारायचे. ६ वरून ४ मिलिमीटरवर आलो आणि कडा साफ ठेवल्या तेव्हा विचारायचे थांबले. हनुवटीवरचे ते दोन पट्टे तेवढे खटकत राहिले, बाकीची दाढी काळी असताना ते फारच वेगळे उठून दिसायचे, म्हणून ब्लेंडिंगकडे वळलो. सगळी दाढी सारखी पिकली की बहुधा तेही बंद करीन.